नकाशावरची वाट आणि जमिनीवरची वाट : वाई ते पाचगणी या मार्गाचे मोजमाप

कागदी नकाशावरून दोन गावांमधील रस्त्याची लांबी काढण्याची रीत शाळेतच शिकवली जाते आणि ती सोपीही आहे. परंतु त्या रीतीने काढलेला आकडा प्रत्यक्ष रस्त्याच्या लांबीपेक्षा बहुधा थोडा कमीच भरतो, ही गोष्ट तितकीशी शिकवली जात नाही. मोजमापातील सामान्य चुका कधी जास्तीच्या तर कधी कमीच्या बाजूला पडतात आणि बेरजेत एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. नकाशावरील मार्गमापनातील मुख्य चुका मात्र एकाच बाजूच्या असतात, त्यामुळे त्या खोडल्या जात नाहीत, तर साठत जातात. त्या कोठून येतात आणि किती मोठ्या असतात हे समजले, तर साध्या कागदाच्या पट्टीनेही विश्वासार्ह मापन करता येते. सातारा जिल्ह्यातील वाई ते पाचगणी हा पसरणी घाटातून जाणारा मार्ग या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे, कारण त्यात सपाटीवरचा सरळ रस्ता, वळणावळणांचा घाट आणि पठारावरचा रस्ता असे तीनही प्रकार थोड्याच अंतरात एकत्र येतात.

नकाशाप्रमाण आणि त्याची तीन रूपे

नकाशावरील दोन बिंदूंमधील अंतर आणि त्याच दोन बिंदूंमधील जमिनीवरील अंतर यांच्या गुणोत्तरास नकाशाप्रमाण म्हणतात. ते तीन रूपांत दिले जाते. ‘२ सेंमी बरोबर १ किमी’ असे वाक्यात सांगितलेले ते शब्दप्रमाण. १:५०,००० असे गुणोत्तरात लिहिलेले ते अंकप्रमाण, ज्याचा अर्थ नकाशावरील एका एककास जमिनीवरील तशीच पन्नास हजार एकके असा होतो. आणि ठरावीक भाग पाडलेल्या आडव्या रेषेने दाखवलेले ते रेषाप्रमाण. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशांवर, म्हणजे रस्ते, नद्या, वस्त्या, टेकड्या आणि जमिनीची उंची असे सर्व तपशील एकत्र दाखवणाऱ्या नकाशांवर, रेषाप्रमाण खालच्या समासात छापलेले असते. मार्ग मोजणाऱ्याला या तिन्हींपैकी सर्वाधिक उपयोग रेषाप्रमाणाचाच होतो.

याचे कारण असे की शब्दप्रमाण आणि अंकप्रमाण हे छापलेले आकडे आहेत, तर रेषाप्रमाण हे नकाशाचाच एक भाग आहे. नकाशाची झेरॉक्स लहान किंवा मोठी करून काढली, तर १:५०,००० हा आकडा जसाच्या तसा छापला जातो, पण तो आता खोटा असतो. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच आकसते किंवा फुगते आणि म्हणून खरेच राहते. पावसाळी दमट हवेत कागद किंचित ताणला जातो, तेव्हाही हेच घडते. हातातील नकाशा मूळ मापाचा आहे की नाही हे पाहण्यासाठी रेषाप्रमाणावरील ५ किमीचा भाग साध्या पट्टीने मोजावा. १:५०,००० च्या नकाशावर तो बरोबर १० सेंमी भरला पाहिजे. तो ९.७ सेंमी भरला, तर नकाशा तीन टक्क्यांनी आकसलेला आहे आणि पट्टीवरील सेंटिमीटरांचे अर्धे करून किलोमीटर काढण्याची नेहमीची रीत तेथे तीन टक्के कमी उत्तर देईल, असे समजावे.

रेषाप्रमाणच कापले गेलेल्या तुकड्यावर काम करायचे असेल, तर अक्षांशांची मदत होते. महाराष्ट्राच्या पट्ट्यात अक्षांशाच्या एका अंशाचे उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ११०.७ किमी असते, म्हणून पाच मिनिटांच्या दोन अक्षांश-खुणांमध्ये सुमारे ९.२ किमी अंतर पडते. त्या दोन खुणांमधील कागदावरचे अंतर १८.४ सेंमीच्या आसपास आले, तर प्रमाण १:५०,००० आहे. रेखांशांच्या खुणा यासाठी तशाच वापरता येत नाहीत, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात आणि वाईच्या अक्षांशावर रेखांशाच्या एका अंशाचे अंतर सुमारे १०६ किमी इतकेच उरते.

शून्य कोठे आहे

रेषाप्रमाण वाचताना सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे त्याच्या डाव्या टोकालाच शून्य समजणे. प्रत्यक्षात शून्य त्या टोकापासून एक मुख्य भाग आत असते. शून्याच्या उजवीकडे पूर्ण किलोमीटरांचे मुख्य भाग असतात, तर डावीकडील एकाच किलोमीटरचे आणखी लहान, म्हणजे दुय्यम भाग पाडलेले असतात आणि त्यांचे आकडे उजवीकडून डावीकडे वाढत जातात. ही रचना वाचनाच्या सोयीसाठी आहे. मोजलेल्या अंतराचे उजवे टोक एखाद्या पूर्ण किलोमीटरच्या खुणेवर असे ठेवायचे की डावे टोक दुय्यम भागांत पडेल. उजवीकडचे पूर्ण किलोमीटर आणि डावीकडचे मीटर यांची बेरीज म्हणजे उत्तर. समजा, उजवे टोक ४ वर आहे आणि डावे टोक शून्याच्या डावीकडे ३०० मीटरच्या खुणेवर आहे, तर अंतर ४.३ किमी होते. डाव्या टोकाला शून्य मानून उजवे टोक वाचणारा मात्र प्रत्येक वाचनात पूर्ण एक किलोमीटर गमावतो, आणि मार्ग तुकड्यातुकड्यांनी मोजत असेल, तर ही चूक प्रत्येक तुकड्यागणिक पुन्हा होते.

सरळ अंतर आधी का काढावे

वाई आणि पाचगणी ही दोन्ही गावे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांक-पद्धतीतील ४७ जी/१३ या एकाच पत्रकावर येतात. हे पत्रक रेखांश ७३°४५' ते ७४°००' पूर्व आणि अक्षांश १७°४५' ते १८°००' उत्तर या चौकटीतील प्रदेश दाखवते. मापनाला सुरुवात करण्यापूर्वी दोन्ही टोकांचे नेमके बिंदू ठरवले पाहिजेत. गाव हा नकाशावर बिंदू नसून पसरलेला भाग असतो. वाईसारख्या गावाचा विस्तार या प्रमाणावर काही सेंटिमीटर भरतो, म्हणून ‘वाईपासून’ एवढेच म्हटल्यास उत्तरात एखाद्या किलोमीटरचा फरक सहज पडतो. दोन्हीकडे बसस्थानक, किंवा दोन्हीकडे बाजारातील मुख्य चौक, असा एकाच प्रकारचा बिंदू घेणे आणि तो लिहून ठेवणे आवश्यक असते.

या दोन बिंदूंमधील सरळ रेषेतील, म्हणजे हवाई अंतर साध्या पट्टीने मोजले, तर ते २० सेंमीच्या थोडे वर भरते, म्हणजे सुमारे १० किमी. प्रवाशाला या आकड्याचा थेट उपयोग नसला, तरी मोजणाऱ्याला आहे, कारण रस्त्याची लांबी याहून कमी असूच शकत नाही. मार्गमापनाचे उत्तर हवाई अंतराच्या फार जवळ आले, तर घाटातील वळणे कोठेतरी हरवली आहेत हे लगेच कळते.

कागदाच्या पट्टीने मोजण्याची रीत

वळणाचा रस्ता मोजण्यासाठी ओला दोरा रस्त्यावर बसवून नंतर तो ताणून मोजण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. पण दोरा वळणांवरून घसरतो आणि मोजताना ताणला जातो, म्हणून तिचे उत्तर दर वेळी वेगळे येते. लहानसे चाक रस्त्यावरून फिरवून त्याच्या तबकडीवर लांबी दाखवणारा रोटामीटर सोयीचा असतो, परंतु घाटातील तीव्र वळणांवर त्याचे चाक रेषा सोडून बाजूला सरकते. कागदाची पट्टी या दोहोंपेक्षा सावकाश चालते, पण तिचा प्रत्येक टप्पा तपासता येतो, आणि हेच तिचे बळ आहे.

यासाठी सरळ कडेची, सुमारे ३० सेंमी लांबीची कागदाची पट्टी आणि टोकदार पेन्सिल पुरते. पट्टीची कड रस्त्याच्या रेषेच्या मध्यावर ठेवावी. रेषेच्या डाव्या किंवा उजव्या कडेवर नव्हे, कारण रस्त्याची छापील रेषा स्वतःच बरीच जाड असते. पट्टीच्या कडेवर आरंभबिंदूची खूण करावी. मग रस्ता जेथपर्यंत कडेला धरून सरळ जातो, तेथपर्यंत पाहावे आणि तो कड सोडतो त्या ठिकाणी नकाशावर आणि पट्टीवर एकाच वेळी बारीक खूण करावी. त्या खुणेवर पेन्सिलीचे टोक रोवून पट्टी नव्या दिशेला वळवावी आणि पुढचा सरळ तुकडा धरावा. अशा रीतीने एकामागून एक तुकडे पट्टीच्या कडेवर सलग उतरत जातात आणि शेवटी पहिल्या खुणेपासून अखेरच्या खुणेपर्यंतचे अंतर रेषाप्रमाणावर ठेवून वाचता येते.

ही रीत वापरताना एक खबरदारी महत्त्वाची असते. पट्टी वळवताना ती पेन्सिलीच्या टोकाभोवतीच फिरली पाहिजे. ती किंचित पुढे सरकली, तर तेवढा रस्ता मोजायचा राहतो, आणि मागे सरकली, तर तो दोनदा मोजला जातो. नकाशावरही खुणा करण्याचे कारण हेच की पट्टी हलली असा संशय आला, तर मागच्या खुणेपासून पुन्हा सुरुवात करता येते आणि सगळे मापन नव्याने करावे लागत नाही. खुणा काढण्यासाठी मऊ पेन्सिल वापरली, तर त्या नंतर खोडता येतात.

वाई ते पाचगणी मार्गाचे तीन भाग करून प्रत्येकाचे माप वेगळे लिहिणे फायद्याचे ठरते : वाईपासून घाटाच्या पायथ्यापर्यंतचा सपाट भाग, प्रत्यक्ष घाट, आणि घाटमाथ्यापासून पाचगणीच्या ठरवलेल्या बिंदूपर्यंतचा पठारावरचा भाग. पद्धत स्पष्ट व्हावी म्हणून येथे उदाहरणादाखल असे धरू की पट्टीवर हे तीन भाग अनुक्रमे ५.६ सेंमी, १७.२ सेंमी आणि १.४ सेंमी भरले. त्यांची बेरीज २४.२ सेंमी होते आणि २ सेंमीस १ किमी या प्रमाणाने रस्त्याची लांबी १२.१ किमी येते. सपाटीवरील दोन भागांच्या मापावर बराच विश्वास ठेवता येतो, कारण तेथे रस्ता मोठ्या सरळ तुकड्यांनी जातो. शंका घ्यायची ती मधल्या १७.२ सेंमीची.

पाऊल जितके मोठे, तितकी लांबी कमी

घाटाच्या मापातील पहिली चूक मोजणाऱ्याच्या हातून होते. वळणाचा तुकडा सरळ कडेने मोजताना प्रत्यक्षात वक्राऐवजी त्याची जीवा, म्हणजे वक्राच्या दोन टोकांना जोडणारी सरळ रेषा, मोजली जाते आणि जीवा वक्रापेक्षा नेहमीच लहान असते. त्यामुळे तुकडे जितके मोठे धरावेत, तितकी एकूण लांबी कमी भरते. कर्कटकाने, म्हणजे दोन्ही पायांना टोकदार सुया असलेल्या साधनाने, हे सहज पडताळता येते. त्याचे पाय आधी १ सेंमी अंतरावर पक्के करून घाटाच्या रेषेवरून पावले टाकत जावे आणि पावलांची संख्या मोजावी. मग तेच अंतर ५ मिमी करून आणि शेवटी २ मिमी करून पुन्हा मोजावे. प्रत्येक वेळी लांबी थोडी वाढत जाते. आधीच्या उदाहरणातील घाट मोठ्या पावलांनी १६ सेंमीच्या आतच भरला आणि २ मिमीच्या पावलांनी १७.२ सेंमीपर्यंत गेला, तर त्यात नवल नाही.

मोजण्याचे एकक लहान केले की लांबी वाढते, हे इंग्रज शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांना देशांच्या सीमांच्या लांबीचा अभ्यास करताना प्रकर्षाने दिसले होते. एकाच सीमेची लांबी दोन शेजारी देश वेगवेगळी नोंदवतात, हेही त्यांनी दाखवले. त्यांच्या निरीक्षणांच्या आधारे गणितज्ञ बेन्वा मँडलब्रॉ यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, या प्रश्नावर निबंध लिहिला. किनाऱ्याच्या बाबतीत एकक लहान करत जावे, तशी लांबी वाढतच जाते, कारण प्रत्येक खाडीत लहान खाड्या आणि त्यांतही आणखी लहान वळणे सापडतात. रस्त्याचे तसे नाही. रस्ता वाहनांसाठी आखलेला असतो आणि त्याचे वळण एका मर्यादेपेक्षा लहान असू शकत नाही. म्हणून पाऊल वळणाच्या त्रिज्येपेक्षा पुरेसे लहान झाले की लांबी वाढणे थांबते आणि एका आकड्यावर स्थिरावते. यातून मोजणाऱ्याला एक उपयुक्त कसोटी मिळते : पाऊल निम्मे केल्यावरही उत्तर फारसे बदलले नाही, तर हाताची चूक संपली, बदलले, तर अजून लहान पाऊल घेतले पाहिजे.

नकाशानेच सरळ केलेली वळणे

हाताची चूक संपली, तरी दुसरी चूक उरते आणि ती नकाशाची असते. डोळ्याला कागदावर साधारण पाव मिलिमीटरपेक्षा लहान अंतर नीट वेगळे करता येत नाही, आणि १:५०,००० च्या नकाशावर पाव मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील साडेबारा मीटर. घाटातील अगदी बंद वळण, ज्यात रस्ता जवळजवळ उलट दिशेला फिरतो, ते सुमारे १५ मीटर त्रिज्येचे असू शकते. या प्रमाणावर ती त्रिज्या जेमतेम ०.३ मिमी होते. रस्त्याची छापील खूण याहून जाड असते, कारण ती ओळखू यावी म्हणून मुद्दाम मोठी काढलेली असते. रस्ता खऱ्या रुंदीने काढायचा ठरवला, तर ७ मीटर रुंदीचा रस्ता ०.१४ मिमी जाडीचा, म्हणजे दिसेल न दिसेल इतका बारीक होईल.

परिणामी, खऱ्या मापाने काढल्यास सगळी वळणे एकमेकांत मिसळून एक जाड डाग तयार होईल, म्हणून नकाशाकार काही वळणे गाळतो, काही सौम्य करतो आणि काही ठळक वळणे थोडी मोठी करून दाखवतो. या प्रक्रियेस सामान्यीकरण म्हणतात. ठळक वळण मोठे केल्याने लांबी किंचित वाढूही शकते, परंतु गाळलेल्या आणि सौम्य केलेल्या वळणांमुळे होणारी घट सहसा तिच्याहून मोठी असते. ही चूक कर्कटकाचे पाय कितीही जवळ आणले, तरी भरून निघत नाही, कारण जे वळण कागदावर काढलेलेच नाही, ते कोणत्याही साधनाने मोजता येत नाही.

नकाशाचे प्रमाण जसे लहान होत जाते, म्हणजे कागदाच्या तेवढ्याच जागेत जसा अधिक प्रदेश दाखवला जातो, तसे सामान्यीकरण वाढते. १:२,५०,००० च्या नकाशावर वाई आणि पाचगणी यांमधील हवाई अंतर सुमारे ४ सेंमी उरते आणि घाट काही मोजक्या वळणांत आटोपतो. १:१०,००,००० च्या नकाशावर, ज्यात १ सेंमीस १० किमी असे प्रमाण असते, ही दोन गावे जेमतेम एक सेंटिमीटर अंतरावर येतात आणि त्यांमधला रस्ता जवळजवळ सरळ दिसतो. त्यावरून मापलेली लांबी १० किमीच्या जवळ जाईल आणि दोन किलोमीटरहून अधिक चूक होईल, तीही मोजणाऱ्याने काटेकोर काम करूनसुद्धा. म्हणून घाटरस्त्याची लांबी काढायची असेल, तर उपलब्ध नकाशांपैकी सर्वांत मोठ्या प्रमाणाचा नकाशा निवडणे, हे मोजण्याच्या साधनापेक्षाही महत्त्वाचे ठरते.

चढाचा वाटा किती

नकाशा जमीन वरून पाहिल्यासारखी दाखवतो, त्यामुळे त्यावरील सर्व अंतरे क्षितिजसमांतर असतात. चढाच्या रस्त्याची तिरकी लांबी त्यात येत नाही. घाटाच्या बाबतीत मोठी चूक हीच असणार, असे पुष्कळांना वाटते, परंतु हिशेब मांडला की वेगळेच दिसते. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटर आणि पाचगणी सुमारे १,२९० मीटर उंचीवर आहे, म्हणजे उंचीतील फरक सुमारे ५७० मीटर. पायथागोरसच्या प्रमेयानुसार क्षितिजसमांतर अंतराचा वर्ग आणि उंचीतील फरकाचा वर्ग यांच्या बेरजेचे वर्गमूळ म्हणजे तिरकी लांबी. १२.१ किमी आणि ०.५७ किमी या आकड्यांवरून ती सुमारे १२.११३ किमी येते. सबंध घाट चढूनही रस्त्याची लांबी फक्त १३ मीटरच्या आसपास वाढते, आणि कागदावर ही वाढ पाव मिलिमीटरइतकीच आहे.

याचे कारण वाहनांच्या रस्त्याचा चढ फार सौम्य ठेवलेला असतो. पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ, अशी खडी पायवाट घेतली, तरी तिरकी लांबी क्षितिजसमांतर लांबीपेक्षा अवघी दोन टक्क्यांनी जास्त भरते. त्यामुळे मोटाररस्त्यांच्या मापनात चढाची दुरुस्ती सोडून देता येते. घाटाचा रस्ता लांब असतो तो तिरका असल्यामुळे नव्हे, तर चढ सौम्य ठेवण्यासाठी त्याला वळणे घ्यावी लागतात म्हणून. आणि हीच वळणे नकाशावर हरवतात.

उंचीवरून लांबीची तपासणी

चढाची दुरुस्ती नगण्य असली, तरी उंचीची माहिती दुसऱ्या प्रकारे उपयोगी पडते, आणि तिच्यामुळे हरवलेल्या वळणांचा अंदाज करता येतो. स्थलनिर्देशक नकाशावर समान उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या समोच्च रेषा असतात आणि १:५०,००० च्या नकाशांवर लगतच्या दोन समोच्च रेषांमध्ये सहसा २० मीटरचे अंतर असते. घाटाचा रस्ता पायथ्यापासून माथ्यापर्यंत किती टप्पे चढतो हे मोजले की एकूण चढ मिळतो. आधीच्या उदाहरणात असे धरू की रस्ता २७ टप्पे चढला, म्हणजे चढ ५४० मीटर झाला. रस्ता मध्येच उतरत असेल आणि तीच समोच्च रेषा पुन्हा ओलांडत असेल, तर ती दुसऱ्यांदा चढाच्या टप्प्यांत धरू नये, याकडे मात्र लक्ष द्यावे.

आता मोजलेल्या ८.६ किमी लांबीस ५४० मीटरने भागले, तर सुमारे १६ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ, असे सरासरी प्रमाण मिळते. डोंगराळ भागातील रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने ठरवलेल्या मानकांत नेहमीचा चढ २० मीटरला एक मीटर आणि मर्यादेचा चढ सुमारे १६.७ मीटरला एक मीटर, म्हणजे सहा टक्के, असा धरलेला आहे. त्याहून जास्त चढ अपवादात्मक ठिकाणी, थोड्या लांबीपुरताच ठेवायचा असतो. संपूर्ण घाटाची सरासरीच मर्यादेपलीकडे गेलेली दिसत असेल, तर दोन शक्यता उरतात : एक तर जुन्या आखणीचा तो रस्ता खरोखरच तेवढा खडा आहे, किंवा मापलेली लांबी खऱ्यापेक्षा कमी आहे. १६.७ या प्रमाणाने ५४० मीटर चढण्यासाठी सुमारे ९ किमी लागतात, म्हणजे नकाशावर सुमारे ४०० मीटरची वळणे हरवली असण्याचा संभव आहे. तेवढी भर घातली, तर एकूण लांबी १२.५ किमी होते.

ही तपासणी पुरावा नव्हे, ती केवळ दिशा दाखवते. पुरावा हवा असेल, तर नकाशावरच शोधावा. स्थलनिर्देशक नकाशांवर प्रमुख रस्त्यांच्या कडेचे अंतरदर्शक दगड, म्हणजे किलोमीटरचे दगड, आकड्यांसह दाखवलेले असतात. असे दोन दगड घाटाच्या हद्दीत सापडले, तर त्यांमधील लांबी कागदाच्या पट्टीने मोजावी आणि दगडांवरील आकड्यांच्या वजाबाकीशी ताडून पाहावी. दगडांप्रमाणे अंतर ३ किमी असेल आणि पट्टीने ते ५.७ सेंमी, म्हणजे २.८५ किमी भरत असेल, तर घाटातील मापन पाच टक्क्यांनी कमी येत आहे, असा थेट निष्कर्ष निघतो आणि घाटाच्या सर्व लांबीला ३ ÷ २.८५ या पटीने वाढवून घेता येते. सपाटीवरील तुकड्यांना हीच पट लावणे चुकीचे ठरेल, कारण तेथे वळणे हरवलेली नसतात. मार्गाचे तीन भाग वेगळे मोजण्याचा फायदा येथे दिसतो.

पत्रकाची कड ओलांडताना

मार्ग पाचगणीला न थांबता महाबळेश्वरपर्यंत जात असेल, तर तो ४७ जी/१३ या पत्रकाची पश्चिम कड, म्हणजे ७३°४५' रेखांश, पाचगणीच्या पुढे काही किलोमीटरवर ओलांडतो आणि ४७ जी/९ या पत्रकावर जातो. दोन पत्रके समास दुमडून जोडण्याचा मोह होतो, पण दुमड नेमकी चौकटीच्या आतल्या रेषेवर बसली नाही, तर जोडावर रस्ता एक-दोन मिलिमीटर तुटतो किंवा एकमेकांवर चढतो, आणि एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर. पहिल्या पत्रकावर चौकटीच्या आतल्या रेषेपर्यंत मोजून पट्टीवर खूण करणे आणि दुसऱ्या पत्रकावर त्याच रेषेपासून पुढे मोजणे हेच बिनचूक ठरते. रस्ता दोन्ही पत्रकांवर एकाच अक्षांशावर कड ओलांडतो की नाही, हेही पाहून घ्यावे. दोन पत्रकांचे सर्वेक्षण वेगवेगळ्या वर्षी झालेले असू शकते आणि मधल्या काळात रस्त्याची आखणी बदललेली असेल, तर दोन्हीकडची टोके जुळत नाहीत. अशा वेळी समासात छापलेले सर्वेक्षणाचे वर्ष पाहून नव्या पत्रकावरील आखणी प्रमाण मानावी लागते.

उत्तर कसे लिहावे

या सर्व खटाटोपानंतर उत्तर १२.५१३ किमी असे लिहिणे दिशाभूल करणारे ठरेल, कारण शेवटच्या अंकांना नकाशाचा आधार नाही. प्रत्येक खूण करताना पाव मिलिमीटर इकडे-तिकडे होणारच. खुणा चाळीस-पन्नास झाल्या, तरी या चुका दोन्ही बाजूंच्या असल्याने एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात आणि एकूण परिणाम शंभर मीटरच्या आसपासच राहतो. याउलट जीवेमुळे आणि सामान्यीकरणामुळे होणारी घट एकाच बाजूची असून येथे ती कित्येक पटींनी मोठी आहे. म्हणून उत्तर लिहिताना मोजलेला आकडा आणि अंदाजाने वाढवलेला आकडा हे दोन्ही द्यावेत : ‘१:५०,००० च्या नकाशावर, २ मिमीच्या पावलांनी, बसस्थानक ते बसस्थानक मोजलेली लांबी १२.१ किमी, घाटातील गाळलेल्या वळणांसाठी ०.४ किमी वाढवून सुमारे १२.५ किमी.’ अशा नोंदीत प्रमाण, पाऊल, टोकांचे बिंदू आणि दुरुस्ती हे चारही तपशील असतात, त्यामुळे दुसऱ्या कोणालाही तेच मापन पुन्हा करून पाहता येते, आणि फरक आढळला, तर तो हाताचा आहे, नकाशाचा आहे की टोके वेगळी धरल्याने आला आहे, हे ठरवता येते.